पोपटाविना पत्ते

लहानपणी घोटीच्या बाजारात पोपटवाला बसायचा. पोपट चोचीने एक पाकीट ओढायचा आणि आत भविष्य छापलेलं असायचं. मी टॅरोचे पत्ते मांडले की आईला तेच आठवतं. "इंजिनिअरिंग करून आता हे?"

पण पोपटाच्या पाकिटात वाक्य असतं, टॅरोच्या पत्त्यावर चित्र. पत्ते ७८. त्यातले ५६ छोटे, कप, तलवारी, काठ्या आणि नाणी अशा चार गटांतले. जुन्या बहुतेक संचांत यातल्या आकड्यांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असत, आपल्या बदामाच्या सत्तीसारखी. १९०९ साली लंडनमध्ये आलेल्या संचासाठी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने त्यांच्यावरही प्रसंग रंगवले. चित्रात माणूस काहीतरी करताना दिसला की आपण आपोआप त्याची गोष्ट रचतो आणि ती बहुतेक वेळा आपलीच निघते. मी पत्ते वापरतो ते एवढ्यासाठीच.

गेल्या पावसाळ्यात कंपनीने सगळ्यांना पुण्याच्या ऑफिसात परत बोलावलं. 'मी घोटीत राहिलो तर निभेल का?' हे पत्त्यांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांना काय ठाऊक? मी वहीत लिहिलं, 'हे ठरवताना माझं कशाकडे लक्ष नाहीये?' मग पत्ते पिसून डावीकडून तीन मांडले. पहिला म्हणजे सध्या काय चाललंय, दुसरा म्हणजे काय अडतंय, तिसरा म्हणजे पुढचं छोटं पाऊल. कुठली जागा कशाची, हे पत्ते उलटण्याआधीच ठरवायचं. नाहीतर अर्थ सोयीने सरकतो.

नाण्यांची अठ्ठी आली. बाकावर वाकून नाणं कोरणारा कारागीर, गाव लांब मागे. अर्थांच्या पुस्तिकेत याला मेहनत म्हणतात, पण पुस्तिका शेवटी उघडायची. आधी जे दिसतं तेच लिहायचं. मी लिहिलं, 'याला मान वर करायला वेळ नाही.' दुसरी कपांची चौकी. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, ढगातून कुणीतरी चौथा कप पुढे करतंय आणि तो बघतही नाही. इथे मी थांबलो. इगतपुरीच्या एका मित्राने दोन महिन्यांपूर्वी सोबत काम करायचं विचारलं होतं, त्याला मी उत्तरच दिलं नव्हतं. तिसरी तलवारींची छक्की. नावाडी एका बाईला आणि मुलाला पलीकडे नेतोय, तलवारी नावेतच उभ्या. म्हणजे कुठेही गेलो तरी कर्जाचा हप्ता सोबत येणारच.

हे पत्त्यांनी सांगितलं का? नाही. मी एक चाचणी करतो. मधला पत्ता बदलून दुसरा ठेवतो आणि पुन्हा लिहितो. त्या दिवशी सूर्याचा पत्ता आला, तरीही मित्रच आठवला. म्हणजे विषय माझ्याच डोक्यात होता, पत्त्याने फक्त त्याच्यासमोर बसवलं. याउलट मनासारखा पत्ता येईपर्यंत काढत राहावंसं वाटलं, तर समजावं की उत्तर आधीच ठरलंय आणि पत्ते आवरावेत. मित्राच्या मनात काय आहे किंवा तो पैसे किती देईल, हे कुठल्याच पत्त्यावर नसतं. ते विचारायला मी त्याला फोन केला.