म्हण, वाक्प्रचार आणि बोधवचन : ज्याची त्याला जागा

माऊली, आपल्यापैकी पुष्कळजण आता लिहू लागले आहेत. कोणी दिंडीची हकीकत लिहितो, कोणी सप्ताहाचा अहवाल, कोणी मंदिराच्या फळ्यावर रोज एक ओळ. अशी लिखाणे वाचताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. म्हण, वाक्प्रचार आणि बोधवचन या तिघांना आपण एकाच पंगतीत बसवतो आणि भाषा सजली असे समजतो. शाळेत तिन्ही पाठ केलेली असतात, पण त्यांची कामे वेगळी आहेत हे कोणी सांगितलेले नसते.

आपल्या कीर्तनावरून हा भेद चटकन कळतो. कीर्तनकार अभंग निरूपणाला घेतो. मध्येच एखादा प्रसंग सांगतो, ते झाले निवेदन. प्रसंग पटावा म्हणून लोकांच्या रोजच्या पाहण्यातले एखादे चित्र उभे करतो, तो झाला दृष्टांत. आणि शेवटी सिद्धांताला आधार म्हणून संतवचन देतो, ते झाले प्रमाण. वाक्प्रचार निवेदनात चालतो, म्हण दृष्टांताचे काम करते आणि बोधवचन प्रमाणाच्या जागी बसते. हे कसे, ते एकेक करून पाहू.

वाक्प्रचार म्हणजे पूर्ण वाक्य नव्हे. तो शब्दांचा बांधलेला जुडगा असतो आणि बहुधा त्याच्या शेवटी क्रियापद असते. कंबर कसणे, हात टेकणे, काढता पाय घेणे, नाकी नऊ येणे. त्याला कर्ता द्यावा लागतो, काळ द्यावा लागतो. ‘त्याने हात टेकले’, ‘आम्ही हात टेकतो’, ‘तुम्ही हात टेकाल’ असा तो वळतो. पण आतले शब्द मात्र बदलता येत नाहीत. ‘नाकी नऊ आले’ म्हणता येते, ‘नाकी दहा आले’ म्हटले तर सभा हसेल. शब्दाशब्दाचा अर्थ लावूनही काही हाती लागत नाही, कारण अर्थ साऱ्या जुडग्याला मिळून असतो. वाक्प्रचार स्वतः कोणता सिद्धांत सांगत नाही. जे घडले ते थोडक्यात आणि जिवंतपणे सांगतो, इतकेच. म्हणून गोष्ट, आख्यान, पत्र, प्रवासाची हकीकत, अहवाल, जिथे जिथे ‘काय झाले’ हे सांगायचे असते तिथे तो शोभतो.

म्हण मात्र आपल्या पायावर उभी असते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ यात क्रियापदसुद्धा नाही, तरी बोलणे पुरे झाले. तिला कर्ता द्यावा लागत नाही, काळ द्यावा लागत नाही. ती आहे तशीच उचलायची आणि प्रसंगावर ठेवायची. तिच्यापुढे ‘म्हणतात ना’ हे दोन शब्द सहज बसतात. हीच तिची ओळख. कोण म्हणतात? सगळेच. तिचा कर्ता हरवलेला असतो. ए. मॅन्वेरिंग नावाच्या एका मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून छापला. संग्राहक म्हणून त्याचे नाव पुस्तकावर आले, पण आतली एकेक म्हण कोणाची, हे कोणीच सांगू शकत नाही. ती शेतात, जात्यावर, बाजारात झिजून गुळगुळीत झालेली असते.

म्हणीची दुसरी खूण अशी की ती एक बोलते आणि तिचा रोख दुसरीकडे असतो. उथळ पाण्याशी आपल्याला काही कर्तव्य नसते, बडबड्या माणसाशी असते. म्हणजे म्हण हा एका दमात सांगितलेला दृष्टांतच. आणि दृष्टांत एकदेशी असतो, हे आपल्या परंपरेत पहिल्या वर्षी शिकवतात. तो एका अंगाने लागू पडतो, सर्वांगाने नाही. म्हणूनच म्हणी एकमेकींविरुद्ध उभ्या राहू शकतात. सप्ताहाच्या बैठकीत खर्चाचा विषय निघाला की एकजण म्हणतो, ‘पाचामुखी परमेश्वर’, सगळ्यांना विचारा. दुसरा म्हणतो, ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’, एकाच्या हाती कारभार द्या. दोन्ही म्हणी खऱ्या, दोन्ही जुन्या, आणि बैठक जिथल्या तिथे. म्हणीने बाजू रंगते, निकाल लागत नाही. म्हणून तिचे घर बोलण्यात आहे. गप्पा, वाद, नाटकातले संवाद, भाषण, कीर्तनातला विनोद, किंवा बोलल्यासारखा लिहिलेला हलकाफुलका लेख, ही तिची ठिकाणे.

आता बोधवचन. यालाच कोणी सुवचन म्हणतात, कोणी सुविचार. ‘दिलेला शब्द पाळावा.’ हेही पूर्ण वाक्य आहे, पण यात चित्राचा आडपडदा नाही. जे म्हटले तेच म्हणायचे आहे. नुसत्या आज्ञेच्या रूपावरून फसू नका. ‘मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये’ यातही आज्ञा आहे, पण ती मातीविषयी नाही, म्हणून ती म्हण. बोधवचन दृष्टांतासारखे एकदेशी राहून चालत नाही. ते सर्वांना, सर्वकाळ आणि सांगणाऱ्यालाही लागू पडले पाहिजे. त्याच्यामागे बहुधा कोणीतरी उभा असतो, संत, ग्रंथ, गुरू, आणि त्याच्या अधिकारावर ते तोलले जाते. म्हणून त्याची जागा निरूपणात, चिंतनपर लेखात, फळ्यावर आणि नियमावलीत. आणि तिथेही एका वेळी एकच. एका पानावर पाच बोधवचने आली की पाचांपैकी एकही लक्षात राहत नाही.

या तिघांच्या सीमा मात्र भिंतीसारख्या नाहीत, शेताच्या बांधासारख्या आहेत. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ हे शाळेच्या पुस्तकात म्हणींच्या यादीत सापडते, पण ‘तू ताकाला जाऊन भांडे लपवतोस’ असा त्याला कर्ता दिला की ते वाक्प्रचारासारखे वळते. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९४०च्या दशकात जो मोठा कोश दोन भागांत काढला, त्याचे नावच त्यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ असे व्यापक ठेवले आणि म्हणी व वाक्प्रचार दोघांना एका छपराखाली घेतले. आपल्या संतांच्या ओळींचेही तसेच. तीच ओळ कीर्तनात कर्त्याच्या नावानिशी आली की प्रमाण, आणि चावडीवर कोणाला टोमणा मारायला नाव गाळून आली की म्हण. शब्द तेच, काम बदलले. म्हणून नुसती यादी पाठ करून भागत नाही. इथे ही ओळ काय काम करते आहे, ते पाहावे लागते.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, हे एका उदाहरणावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दिंडीतला तरुण वारीची हकीकत लिहून माझ्याकडे तपासायला घेऊन आला. स्मरणिकेत छापायची होती. लिखाण चांगले होते. पण एका जागी असे होते : “आमचे आचारी फलटणहून घरी परतले. नाचता येईना अंगण वाकडे! सेवेत खंड पडू नये.”

मी विचारले, “अरे, ते का परतले?”

“महाराज, दिवे घाट चढल्यापासून त्यांचे पाय सुजले होते.”

“स्वयंपाक येत नव्हता का त्यांना?”

“असं कसं? किती वर्षं तेच तर करताहेत.”

“मग सुजेचं खोटं सोंग होतं?”

“छे छे, मी स्वतः पाहिलं ना!”

मी म्हणालो, “बाळा, तुझी म्हण दोन गोष्टी सांगते. एक, माणसाला काम येत नाही. दुसरी, तो ते लपवायला खोटी सबब सांगतो. तुझ्याच सांगण्यावरून दोन्ही खोट्या ठरल्या. हीच म्हण तू रात्री पंगतीत त्यांच्यासमोर बोलला असतास तर त्यांनी दुसरी म्हण तुझ्या अंगावर टाकली असती आणि सगळे हसले असते. छापल्यावर ते कुठे उत्तर देणार? त्यांची नातवंडं ते वाचतील.”

मग आम्ही दोघांनी ती जागा नव्याने लिहिली : “दिवे घाटानंतर आचाऱ्यांचे पाय सुजले. तरी सासवडपासून फलटणपर्यंत त्यांनी तग धरला आणि एकही पंगत चुकू दिली नाही. फलटणला मात्र त्यांनी हात टेकले.” पाहा, इथे दोन वाक्प्रचार आले, तग धरणे आणि हात टेकणे. दोघांनी घडले तेवढेच सांगितले, कोणाचा न्याय केला नाही.

राहिले ते बोधवचन. ‘सेवेत खंड पडू नये’ हे वाईट वाक्य नाही. पण आजारी माणसाच्या नावाखाली ते छापले की तो बोध राहत नाही, ठपका होतो. मी त्याला विचारले, “या प्रसंगातून सगळ्या दिंडीला लागू पडेल असं काय निघतं?” थोडा विचार करून त्याने लिहिले, “सेवेचा सगळा भार एकट्यावर टाकू नये.” ते आम्ही हकीकतीतून काढून शेवटच्या पानावर, पुढच्या वर्षीच्या सूचनांच्या वर ठेवले. तिथे ते शोभले, कारण तिथे ते लिहिणाऱ्यालाही लागू होते.

म्हणून माऊली, लिहिताना अशी ओळ हाताशी आली की तिला तीन प्रश्न विचारा. ही माझ्या वाक्यात वळते का? वळत असेल तर वाक्प्रचार, मग तिने जेवढे घडले तेवढेच सांगितले ना, एवढे पाहा. ही एक बोलून दुसरेच सुचवते का? मग म्हण, आणि ज्याच्यावर ती पडणार आहे त्याला उत्तर द्यायला जागा आहे का, ते पाहा. नसेल तर ती लिहू नका, भेटल्यावर बोला. आणि ही सर्वांना सारखी लागू पडते का? मग बोधवचन, आणि ते आधी स्वतःच्या नावापुढे लिहून वाचा. तिथे टोचले नाही, तरच दुसऱ्यासाठी छापा.

राम कृष्ण हरी.