पाच किलोची कणीक

जूनमध्ये माझी फ्लॅटमेट बंगळुरूला गेली. तिचा मग गेला, चटई गेली. किराण्याची यादी मात्र दोघींचीच राहिली. 1 जुलैला मी सवयीने पाच किलो कणकेची पिशवी उचलली. 210 रुपये, म्हणजे किलोला 42. शेजारीच एक किलोचं पाकीट 48 ला होतं. किलोमागे सहा रुपये वाचले म्हणून मी खूश.

30 तारखेला रात्री डब्यात हात घातला तर कणकेच्या गुठळ्या धाग्यांना लटकून वर आल्या. बारीक जाळी, आत अळ्या, कडवट वास. आईला फोन केला.

"चाळून घे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "जाळी धरलीय का? मग नको, टाकून दे."

टाकण्याआधी वजन केलं. 1 किलो 400 ग्रॅम.

त्यानंतर महिन्याची बिलं काढून बसले. बिलावरचा दर विकत घेतलेल्या किलोचा असतो, खाल्लेल्या किलोचा नाही. माझ्या पोटात 3 किलो 600 ग्रॅम गेली होती. 210 भागिले 3.6, म्हणजे किलोला 58 रुपये. एकेक किलोची चार पाकिटं 192 रुपयांत आली असती आणि वर 400 ग्रॅम चांगली कणीक उरली असती.

आकडे मांडताना एक सोपी गोष्ट लक्षात आली. मोठ्या पॅकवर जितके टक्के स्वस्ताई, तितके टक्के माल वाया गेला की फायदा शून्य. 48 चे 42 म्हणजे साडेबारा टक्के. पाच किलोत ते होतात 625 ग्रॅम. मी टाकली त्याच्या दुपटीहून जास्त.

तूरडाळीचं उलटं निघालं. दोन किलो 320 ला घेतली होती. अर्ध्या किलोचं पाकीट 88 चं, म्हणजे किलोला 176. स्वस्ताई जेमतेम नऊ टक्के, पण वाया एक दाणाही गेला नाही. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात डाळ महिनोन्महिने राहते. कणीक दळलेली असते. गव्हातलं तेल हवेला उघडं पडतं, ती खवट होते, आणि पावसाळी दमट हवेत कीडही लवकर धरते.

म्हणून आता दर बघण्याआधी दिवस मोजते. मला रोज साधारण 120 ग्रॅम कणीक लागते. पाच किलो संपायला 42 दिवस. आम्ही दोघी होतो तेव्हा तीच पिशवी वीस दिवसांत रिकामी व्हायची; किडीला सवडच मिळायची नाही. तेव्हा पाच किलो खरंच स्वस्त पडत होते.

ऑगस्टच्या यादीत कणकेपुढचा 5 खोडून 1 लिहिला. तेवढं लिहायला जरा वेळ लागला.