तळाची ओळ

आमच्या पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा बाजार भरतो. दिवसा माल घ्यायचा, रात्री ट्रकमध्ये भरून परराज्यात धाडायचा. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आणि माझा हिशेब एकाच प्रश्नाचा असायचा: हमाली, तोलाई, भाडं सगळं देऊन हातात काय उरलं? हिरवी मिरची दोन दिवस ठेवली तरी कोमेजते, त्यामुळे साठा नसायचा. यंत्र नव्हतं, कर्जही जुजबी. अशा धंद्यात तळाची ओळ बघितली की सगळं कळतं, हे माझं मत होतं आणि त्या धंद्यापुरतं ते खरंही होतं.

चूक झाली ती हेच मत मी कंपनीच्या नफा-तोटा पत्रकावर लादलं तेव्हा. शेतकऱ्यांच्या एका कंपनीत मी भागधारक आहे. शेवटच्या तोडण्यांना झाडावर लाल झालेला माल ती ओला घेते, वाळवते आणि लाल मिरची विकते. एका वर्षी वार्षिक सभेत नफ्याचा आकडा वाचून दाखवला गेला. पावणेसात लाखांवरून साडेसात लाख. टाळ्या पडल्या. मागे बसलेले एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, “विक्रीच्या शंभर रुपयांत मालाची किंमत किती गेली ते सांगा.” मी बसल्या जागेवरून म्हणालो, “गुरुजी, तळाची ओळ बघा ना, वाढलीय ती.” लोक हसले. गुरुजी खाली बसले.

ते हसू मला नंतर महागात पडलं. पुढच्या हंगामात कंपनीला शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर देता येईनात, तेव्हा मी त्या सभेतला नफा-तोट्याचा कागद घेऊन घरी बसलो आणि पहिल्यांदाच वरून खाली वाचला.

पहिली अडचण अशी की ‘ढोबळ नफा’ नावाची ओळच त्यात नव्हती. बारावीला आपण शिकतो, आधी व्यापारी खातं आणि त्यातून ढोबळ नफा, मग नफा-तोटा खातं आणि त्यातून निव्वळ नफा. पण 2013 च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत जो नमुना दिलाय, त्यात खर्च प्रकारानुसार मांडतात: वापरलेला कच्चा माल, साठ्यातील बदल, पगार, व्याज, घसारा, इतर खर्च. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या कंपन्यांच्या कागदावर ढोबळ नफा छापून येतो, आपल्याकडे तो वाचणाऱ्याने काढायचा. मी पेन्सिलने काढला. आकडे इथे सोयीसाठी गोल केलेत.

आदल्या वर्षी विक्री 200 लाख, मालाची किंमत 150 लाख. ढोबळ नफा 50 लाख, म्हणजे शंभराला 25. टाळ्यांच्या वर्षी विक्री 240 लाख, पण माल 196 लाखांचा. ढोबळ नफा 44 लाख, शंभराला जेमतेम 18. विक्री वाढली आणि ढोबळ नफा रुपयांतही घटला. हे मी सभेत बघितलंच नव्हतं.

का घटला, हे कागद सांगत नाही. ते वजनकाट्यावर कळलं. चांगला पिकलेला लाल माल असेल तर चार किलो ओल्या मिरचीची एक किलो वाळलेली मिळते. त्या वर्षी आम्ही पावसात माल घेतला. भिजलेली मिरची, पाण्याचं वजन, ताडपत्रीखाली वाळताना पांढरे चट्टे पडून बाजूला काढावी लागलेली. साडेचार किलोला एक किलो निघाली. ओला माल 30 रुपये किलो धरला, तर किलोभर वाळलेल्या मिरचीला आधी 120 रुपयांचा माल लागत होता, आता 135 चा. विक्रीचा भाव मात्र 160 वरून 165 वरच गेला. 160 मधले 40 उरत होते, ते 165 मधले 30 झाले. अर्ध्या किलोने हे केलं, आणि ‘घट’ म्हणून वेगळी ओळ कुठेच नसते. ती मालाच्या किमतीत गुपचूप बसते.

पुढची पायरी कार्यकारी नफ्याची. पगार, वीज, भाडं, घसारा वजा केल्यावर आदल्या वर्षी 14 लाख उरले होते, शंभराला 7. टाळ्यांच्या वर्षी 5 लाख, शंभराला 2. म्हणजे मिरचीच्या धंद्याने जवळपास काहीच कमावलं नव्हतं. त्यावर 7 लाख व्याज होतं. धंदा तोट्यात. मग साडेसात लाख आले कुठून? ‘इतर उत्पन्न’ या ओळीत 12 लाख होते; कर जाऊन साडेसात उरले. कंपनीने जुनी जागा विकली होती. नफ्याच्या आकड्यात ती जागा बसलेली, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो मिरचीला. जागा दुसऱ्यांदा विकता येत नाही.

ढोबळ नफाही डोळे मिटून घ्यायचा नाही, हे मला थोडं उशिरा उमगलं. मालाच्या किमतीतून वर्षअखेरचा साठा वजा होतो, त्यामुळे शीतगृहातल्या पोत्यांची किंमत जास्त धरली की ढोबळ नफा आपोआप फुगतो. नियम आहे की साठा खरेदीखर्च किंवा विकून मिळेल ती रक्कम, यांतली जी कमी ती धरून दाखवावा. म्हणून आता मी साठ्याची रक्कम पोत्यांच्या वजनाने भागतो आणि त्या दिवसाच्या बाजारभावाशी लावून बघतो. रंग उडालेल्या मिरचीला ताज्या मिरचीचा भाव लावलेला असेल तर तिथेच कळतं. शिवाय दोन कंपन्यांची तुलना करताना हेही बघावं लागतं, की हमाली आणि माल आणण्याचं भाडं कोणी मालात धरतं, कोणी इतर खर्चात. आणि जालन्याची बियाणं कंपनी नि जालन्याचाच सळयांचा कारखाना यांचं ढोबळ प्रमाण शेजारी ठेवण्यात तर काही अर्थच नाही. बियाण्याच्या किमतीत संशोधन असतं, ते ढोबळ नफ्याच्या खाली वजा होतं. सळईत बहुतेक किंमत लोखंडाचीच.

टाळ्यांच्या वर्षाच्या पुढच्या वर्षी कंपनीने कर्ज काढून वाळवणी यंत्र घेतलं. विक्री 230 लाख, ढोबळ नफा 58 लाख, पुन्हा शंभराला 25. पण विजेचं बिल वाढलं, घसारा 6 वरून 11 लाख झाला आणि कार्यकारी नफा 11 लाखांवर थांबला. व्याज 9 लाख. कर जाऊन निव्वळ नफा दीड लाख. सभेत एक तरुण उठला, म्हणाला, “साडेसात लाखांवरून दीड लाख, आणि तुम्ही बोलत नाही भाऊ?” माझंच वाक्य, माझ्याच अंगावर.

मी त्याला गप्प केलं नाही. गुरुजींना केलं तेवढं पुरे. त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि मालाच्या ओळीवर बोट ठेवलं. यंत्राचं व्याज आणि घसारा आहे तोवर तळ असाच बारीक दिसणार, आणि वीज महागली तर तोटाही दिसेल, हेही सांगितलं. त्याला पटलं असं मी म्हणत नाही. गुरुजी त्या दिवशी आले नव्हते, त्यांच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, “ओल्याचं वजन लिहून ठेवता की नाही?”

आता काट्याशेजारी पाटी टांगलीय. प्रत्येक गाडीला दोन आकडे खडूने लिहितो: ओली किती, वाळून किती.