एका माहितीपत्रकातील दोन इंग्रजी

इंग्रजी भाषा एक असली तरी तिची लेखनपद्धती एक नाही. ब्रिटिश लेखनात ‘कलर’ आणि ‘फ्लेवर’ या शब्दांच्या शेवटी ‘ओ-यू-आर’ येते. अमेरिकी लेखनात मधला ‘यू’ गळतो. ‘सेंटर’च्या शेवटी ब्रिटिश ‘आर-ई’ लिहितात, अमेरिकी ‘ई-आर’. लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा शब्दकोश १७५५ मध्ये निघाला आणि त्याने पहिली पद्धत रूढ केली. नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या शब्दकोशाने अमेरिकेत दुसरी पद्धत स्थिर केली. दोन्ही शुद्धच आहेत. अडचण येते ती एकाच लिखाणात दोन्ही मिसळल्या की.

इंदिरानगरात राहणाऱ्या एका व्यापारी कुटुंबाचा खाकरा, चिवडा आणि केळ्याचे वेफर्स करण्याचा छोटा कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. न्यू जर्सीतील एका आयातदारासाठी त्यांनी माहितीपत्रक केले. निम्मा मजकूर सासऱ्यांच्या जुन्या पत्रकातून घेतला होता, उरलेला अमेरिकेतील पुतण्याने लिहून पाठविला होता. छपाईपूर्वी आयातदाराकडून प्रश्न आला : दुसऱ्या पानावरील चिवड्यात ‘ग्राउंडनट’ आहे आणि पाचव्या पानावर त्याच चिवड्यात ‘पीनट’, हे दोन वेगळे पदार्थ आहेत काय?

प्रश्न क्षुल्लक नव्हता. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने जीव धोक्यात येऊ शकतो. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तो वेष्टनावर परिचित नावानेच सांगावा लागतो आणि तेथे ते नाव ‘पीनट’ आहे. ‘ग्राउंडनट’ वाचून तेथील एखाद्या आईला धोका उमगेलच असे नाही.

मजकूर नीट करण्याचे काम सूनबाईंकडे आले. सासरे म्हणाले, “आपण शाळेत शिकलो ते इंग्रजी सोडायचे कशाला?”

त्या म्हणाल्या, “सोडायचे नाही, पप्पा. इथल्या पत्रकात तेच राहील. पण हे पत्रक वाचणार कोण, ते पाहू.”

वाचणारा अमेरिकी, म्हणून पद्धत अमेरिकी, असे ठरले.

त्यांनी वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले. आधी शब्दांच्या जोड्या लिहिल्या, कारण गैरसमज अक्षरांपेक्षा शब्दांतून अधिक होतो. वेफर्सना ब्रिटनमध्ये ‘क्रिस्प्स’ म्हणतात, अमेरिकेत ‘चिप्स’. आणि ब्रिटनमध्ये ‘चिप्स’ म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप. कोथिंबीर व धने या दोहोंना ब्रिटिश ‘कोरिअँडर’च म्हणतात; अमेरिकेत तो शब्द बहुधा धन्यांसाठी, तर पानांना ‘सिलँट्रो’. अमेरिकी रकान्यात प्रत्येक वस्तूला एकच नाव ठेवले.

मग संगणकात संपूर्ण मजकूर निवडून तपासणीची भाषा ‘अमेरिकी इंग्रजी’ केली. ‘यू’सह लिहिलेल्या ‘फ्लेवर’खाली लाल रेघ उमटली. ‘ग्राउंडनट’खाली मात्र उमटली नाही, कारण तो शब्द चुकीचा नाही, केवळ परका आहे. असे शब्द वहीतील पान समोर ठेवून एकेक शोधावे लागले.

सर्व ‘ओ-यू-आर’ एकदम बदलून टाकण्याचा मोह त्यांनी टाळला. पिठाच्या इंग्रजी शब्दातही तीच अक्षरे आहेत आणि ‘आमचे’ या अर्थाचा शब्द तर तेवढ्याच तीन अक्षरांचा. सरसकट बदल केला असता तर दोन्ही बिघडले असते. म्हणून पूर्ण शब्द शोधून, प्रत्येक ठिकाणी पाहूनच बदल केला.

विशेषनामांना हात लावला नाही. एखाद्या संस्थेच्या नावातील ‘सेंटर’च्या शेवटी ‘आर-ई’ असेल, तर ते अमेरिकी लिखाणातही तसेच राहते. आणि ‘पर्ल हार्बर’मध्ये ‘यू’ नाही, तो लंडनचा लेखकही घालत नाही. कुटुंबाच्या पेढीच्या नोंदणीकृत नावात ‘फ्लेवर्स’ हा शब्द ‘यू’सह आहे. परवाना, बिल आणि पत्रक यांवरील नाव जुळलेच पाहिजे, म्हणून तो तसाच ठेवला.

शेवटी तारखा तपासल्या. ०५/०४ म्हणजे आपल्याकडे पाच एप्रिल. अमेरिकेत तोच चार मे. खाण्याच्या वस्तूची मुदत अशी महिन्याने लांबलेली वाचली गेली, तर शिळा माल ताजा म्हणून विकला जाईल. येथे अमेरिकी रीतही न धरता महिना अक्षरांत लिहिला, म्हणजे कोणत्याही देशात अर्थ एकच.

एक गोष्ट दोन्ही शब्दकोशांच्या पलीकडची निघाली. ‘खाकरा’ रोमन लिपीत तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला होता. त्यासाठी ब्रिटिशही नियम नाही, अमेरिकीही नाही. घरानेच एक रूप ठरविले आणि वहीतील त्याच पानावर, दोन्ही रकान्यांच्या खाली, लिहून ठेवले.