खिळा, पाणी आणि पूर्बेचा नकाशा

४ जुलै
नळाच्या पाण्यात घासून लख्ख केलेला खिळा ठेवला. पीएच ७. सोबत कॅलोमेल इलेक्ट्रोड. सकाळी मीटर उणे ०.६५ व्होल्टवर स्थिरावला होता.

नव्या मुलाने आकडा थेट नकाशावर मांडला आणि म्हणाला, "सर, खिळा सुरक्षित आहे." त्याचं वाचन चूक नव्हतं. मार्सेल पूर्बे या बेल्जियन शास्त्रज्ञाच्या नकाशात आडवा पीएच, उभा विभव. पीएच ७ला उणे ०.६२च्या खाली लोखंड धातूच राहतं. पण नकाशा हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मोजपट्टीवर काढलेला असतो आणि आमचं मीटर कॅलोमेलच्या. दोन्हींत सुमारे ०.२४ व्होल्टचा फरक. तो मिळवला की उणे ०.४१ येतात आणि ठिपका थेट Fe²⁺च्या पट्ट्यात, म्हणजे लोखंड विरघळण्याच्या जागी, जातो. दुपारपर्यंत बीकरच्या तळाशी तांबूस गाळ दिसू लागला होता. लोखंड Fe²⁺ होऊन पाण्यात उतरतं, तिथे विरघळलेला ऑक्सिजन गाठतो आणि त्याचा गंज होऊन खाली बसतो.

उणे ०.६२ ही रेघही सोयीने ठरवलेली आहे. पाण्यात लिटरमागे एक मायक्रोमोल लोह उतरलं की गंजणं सुरू झालं, असं धरून ती आखतात. जास्त लोह चालवून घेतलं तर रेघ वर सरकते.

६ जुलै
दुसरा खिळा, कॉस्टिक सोडा घालून पीएच ११.५. आकडा हळूहळू वर चढला आणि उणे ०.२०वर थांबला. म्हणजे नकाशावर अधिक ०.०४, Fe₂O₃चा पट्टा. इथे गंजण्याऐवजी पातळ ऑक्साइडचं कवच धरतं. खिळा चकचकीत. काँक्रीटमधली सळई याच बळावर टिकते.

९ जुलै
त्याच बीकरमध्ये लिटरला दहा ग्रॅम मीठ टाकून ठेवलं होतं. आज आकडा उणे ०.५०. फरक मिळवून उणे ०.२६. या पीएचला Fe₂O₃चा पट्टा उणे ०.४६पासून सुरू होतो, तेव्हा ठिपका अजून त्यातच आहे. पण भिंगाखाली खिळ्याच्या मानेपाशी तीन-चार काळे खड्डे दिसले आणि त्यांच्या तोंडाशी तपकिरी टोपी.

या नकाशात लोखंड आणि पाणी एवढंच आहे, क्लोराइड नाही. शिवाय आपण मोजतो तो बीकरमधल्या पाण्याचा पीएच. खड्ड्याच्या पोटातलं पाणी आम्लधर्मी झालेलं असतं. तिथला पीएच घेऊन ठिपका मांडला तर तो परत Fe²⁺च्या पट्ट्यात पडेल. तिथे इलेक्ट्रोड पोचवणं मात्र आमच्या आवाक्याबाहेरचं.

मुलाने विचारलं, आरपार खड्डा पडायला किती दिवस? वेग या नकाशात कुठेच नाही. त्याला तराजू काढायला सांगितलं. उद्यापासून वजन.