परत आलेली 47 किट आणि माझ्या लिस्टिंगमधलं तिसरं वाक्य

आज पिकाचं नाही, किटचं सांगतो. पण शेवटी सगळं पाण्याच्या प्रेशरवरच येतं, म्हणून इथंच लिहितोय.

जुन्या फॉलोअर मंडळींना माहीत आहे, बागेचं काम सांभाळून आम्ही घरी कुंड्यांसाठीची ठिबक किट बांधतो आणि ऑनलाइन विकतो. 30 कुंड्यांचं किट, त्यात 16 एमएमची नळी, 4 एमएमची बारीक नळी, ताशी 4 लिटरचे 30 साधे ड्रीपर, नळाला लावायचा जोड आणि एंड कॅप. किंमत 899. मार्च ते मे या तीन महिन्यांत 340 किट गेली आणि त्यातली 47 परत आली, म्हणजे शंभरामागे जवळपास 14. एक किट परत आलं की जाण्या-येण्याचं भाडं आणि खोकं धरून 180 रुपये पाण्यात. वर साइटवाल्यांचा इशारा आला की परतीचं प्रमाण असंच राहिलं तर लिस्टिंग बंद होईल.

साइटवर विक्रेत्याला परतीचा रिपोर्ट उतरवून घेता येतो. त्यात प्रत्येक ऑर्डरपुढे कारणाचा कोड असतो आणि गिऱ्हाइकानं काही लिहिलं असेल तर तेही असतं. माझ्या 47 ची वाटणी अशी होती:

```
DEFECTIVE            17
NOT_COMPATIBLE        9
MISSING_PARTS         8
NOT_AS_DESCRIBED      6
UNWANTED_ITEM         4
DAMAGED_BY_CARRIER    3
```

कोणीही वरची ओळ बघून म्हणेल, माल खराब आहे. मीही तेच म्हणालो. खरं तर एप्रिलच्या मध्यातच, दहाएक परती दिसल्या तेव्हा मी ड्रीपरचा कारखाना बदलून मोकळा झालो होतो. सहा हजार जास्त गेले. मे महिन्यातही DEFECTIVE तेवढेच येत राहिले. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. पण हंगाम चालू होता, खोकी भरायची घाई होती.

जूनमध्ये जरा उसंत मिळाली तेव्हा ती 17 किट ओट्यावर मांडली आणि एकेक बागेतल्या फिल्टरच्या पुढे, एक किलो प्रेशरवर जोडली. दोन किटच्या एंड कॅप गळत होत्या. बाकीची 15 ठणठणीत. जुन्या कारखान्याचे ड्रीपर असोत की नव्या, भांड्यात पाणी बरोबर पडत होतं. मग लोकांनी ‘खराब’ का निवडलं?

याची दोन कारणं माझ्या लक्षात आली. एक म्हणजे कोड गिऱ्हाईक निवडतो, आणि त्याच्यापुढे मोजकेच पर्याय असतात. ‘पाणी हळू येतं’ असा पर्याय त्यात नाहीच. दुसरं, ‘आता नको’ म्हटलं तर परतीचं भाडं आपल्याला पडेल की काय अशी धास्ती असते, त्यापेक्षा ‘खराब’ म्हटलेलं बरं वाटतं. म्हणून कोड ही तक्रारीची सुरुवात समजायची. डॉक्टरला नुसतं ‘पोटात दुखतं’ सांगितल्यासारखं आहे ते. औषध त्यावर ठरत नाही.

मग बायकोनं एक साधी युक्ती काढली. ती म्हणाली, “अहो, कोड बाजूला ठेवा. आपण काय लिहिलं होतं ते आधी वाचा, आणि प्रत्येक माणूस त्यातल्या कुठल्या वाक्याला फसला ते लिहा.” आमची लिस्टिंग इंग्रजीत आहे, इथं मराठीत देतो. आम्ही तिच्या वाक्यांना नंबर दिले. पहिलं: कोणत्याही नळाला बसतं. दुसरं: 30 कुंड्यांचं पूर्ण किट. तिसरं: पंपाची गरज नाही, प्रत्येक कुंडीला ताशी 4 लिटर पाणी. पुढे अजून चार होती, रंग, पॅकिंग वगैरे. फोटोलाही एक नंबर दिला, कारण फोटो बघूनही माणूस काहीतरी मनात धरतोच. मग वहीत प्रत्येक परतीपुढे गिऱ्हाइकाचा शेरा, फोनवर काही बोलणं झालं असेल तर ते, परत आलेल्या खोक्याची अवस्था आणि शेवटी वाक्याचा नंबर. पॅकिंगची चूक असेल तर ‘प’, काहीच कळत नसेल तर रिकामं. रिकामं सोडायला लाजायचं नाही. ओढूनताणून नंबर टाकला की वही बिघडते.

दोन संध्याकाळी गेल्या, पण चित्र बदललं. DEFECTIVE मधल्या 11 जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं: थेंब थेंबच येतं, शेवटच्या कुंड्या कोरड्या राहतात. चौघांचा शेरा नव्हता, ते रिकामे सोडले. NOT_AS_DESCRIBED मधल्या चौघांचंही पाण्याचंच रडगाणं. म्हणजे दोन वेगळ्या कोडखाली लपलेल्या 15 परती तिसऱ्या वाक्याच्या होत्या. NOT_COMPATIBLE ची नऊच्या नऊ पहिल्या वाक्याची: आमचा जोड अर्धा इंची आट्याचा, आणि त्यांच्याकडे बिनआट्याचे नळ. MISSING_PARTS मधल्या पाच जणांनी नळीला भोक पाडायचा पंच मागितला होता. तो फोटोत दिसतो, किटमध्ये नसतो. उरलेली तीन आमच्याच हातून कमी भरली गेली होती, तिथं वाक्य बदलून काही होणार नव्हतं.

एका बाईंच्या शेऱ्यानं तिसऱ्या वाक्याचा उलगडा झाला. त्यांनी लिहिलं होतं की खाली अंगणात छान चालतं, गच्चीवर चालत नाही. ठिबकवाल्या माणसाला याहून जास्त काय सांगावं लागतं? ड्रीपरवर लिहिलेले ताशी 4 लिटर हे एक किलो प्रेशरचे, म्हणजे 10 मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचे. साध्या ड्रीपरचं पाणी उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे कमी-जास्त होतं: उंची चौथा हिस्सा झाली तर पाणी निम्मं. दोन मजली घराच्या टाकीतून अंगणात 25 फुटांचा दाब मिळतो, तिथं साडेतीन लिटर पडतात, कुणाची तक्रार नाही. पण टाकीही गच्चीवर आणि कुंड्याही गच्चीवर असतील तर उंची उरते चार फूट.

नुसत्या हिशोबावर मी थांबलो नाही. बांधावरच्या बाभळीला चार फुटांवर ड्रम बांधला, परत आलेलं एक किट जोडलं आणि मापाच्या भांड्यात सहा मिनिटं पाणी धरलं. ताशी 4 लिटरला 400 मिली पडायला हवं. पहिल्या ड्रीपरखाली 140 मिली, शेवटच्याखाली 90 पडलं. एक कुंडी दोन फुटांच्या स्टुलावर ठेवली तर तिथं उंची निम्मीच राहते, पाणी आणखी कमी. माणूस ‘खराब’ म्हणाला तर त्याचं काय चुकलं?

आता आधी काय दुरुस्त करायचं? आकड्यानं तिसरं वाक्य पुढे होतंच, 15 विरुद्ध 9 विरुद्ध 5. पण मी प्रत्येक परतीला किती खड्डा पडतो तेही पाहिलं, आणि एवढं करावंच. नळाला न बसलेलं किट जवळपास न उघडलेलं येतं, पुन्हा विकता येतं, तोटा 180 चा. पाणी न आलेलं किट मात्र नळी कापून, भोकं पाडून, ओलं होऊन येतं. त्यात अजून 250 चा माल जातो. म्हणजे तिसऱ्या वाक्यानं तीन महिन्यांत 6450 रुपये खाल्ले, पहिल्यानं 1620, फोटोनं 900. नऊ आणि पंधरा यात फार फरक वाटत नाही, रुपयांत मात्र चौपट निघाला.

नवीन वाक्य लिहिताना घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, “दादा, असं लिहिलंस तर घेणार कोण?” शेवटी असं लिहिलं: टाकीतलं पाणी कुंडीपासून किमान 20 फूट उंच हवं, तेवढ्यावर ताशी साधारण 3 लिटर मिळतं. टाकी आणि कुंड्या एकाच गच्चीवर असतील तर पंपाशिवाय हे किट घेऊ नका. आणि ते सर्वात वर टाकलं, कारण मोबाइलवर पहिल्या दोन ओळींच्या खाली कोण जातं?

बाकीच्या वाक्यांना मुद्दाम हात लावला नाही. सगळं एकदम बदललं असतं तर कशानं फरक पडला ते कळलंच नसतं. जून ते सप्टेंबरचे आकडे धरले नाहीत. पावसात कुंड्यांना पाणी घालतंय कोण, ठिबकची तक्रार कशी येणार? ऑक्टोबर-नोव्हेंबर धरले, आणि तेही ऑर्डरच्या तारखेनं, परतीच्या नव्हे. नाहीतर आधीचं वाक्य वाचून घेतलेलं किट नव्या वाक्याच्या नावावर चढतं. डिसेंबरचा मधला आठवडा उलटेपर्यंत थांबलो, कारण परतीची मुदत संपेपर्यंत शेवटच्या ऑर्डरींचं काही खरं नसतं.

118 किट गेली, 7 परत आली. आधीच्या हिशोबानं पाण्याच्या तक्रारीच्या पाचेक यायला हव्या होत्या, एकच आली. आकडा लहान आहे, नशीबही असू शकतं. पण नळाच्या परतींचं बघा. ते वाक्य तसंच होतं, आधीच्या प्रमाणानं तीन यायला हव्या होत्या आणि बरोबर तीनच आल्या. गिऱ्हाईक नुसतंच समजूतदार झालं असतं किंवा हवामानानं परती घटल्या असत्या तर या तीनही कमी झाल्या असत्या. त्यामुळे माझा विश्वास बसला. भावाचं भाकीतही थोडं खरं ठरलं. ऑर्डरी कमी झाल्या, पण वाक्यामुळे किती आणि हंगामामुळे किती, ते पुढचा उन्हाळा आल्याशिवाय सांगता येणार नाही.

गच्चीवाल्यांना आता पाठवतो ते दुसरं किट बाभळीखालीच तपासतोय: 30 ऐवजी 12 कुंड्या आणि ड्रीपर ताशी 8 लिटरचे. चार फुटांवर तिथं पहिल्याखाली सहा मिनिटांत 270 मिली आलं. आणि या आठवड्यात पहिल्या वाक्याची पाळी. नळाच्या तोंडाचे दोन फोटो काढलेत, एक आट्याचा आणि एक बिनआट्याचा. बिनआट्याच्या नळाला क्लॅम्पचा रबरी जोड टाकायचा तर किटमागे 22 रुपये वाढतात. कुणी असा जोड गच्चीवर वापरला असेल आणि तो प्रेशरला सुटला असेल तर खाली लिहा, मी ड्रम अजून सोडलेला नाही.