दोन करण्या आणि एक बहुपदी

√2 + √3 हे मूळ असलेली, पूर्णांक सहगुणकांची लहानात लहान कोटीची बहुपदी कोणती? उर्दू गणितात अपरिमेयाला ग़ैर नातिक़ म्हणतात, म्हणजे न बोलणारा. त्याला बोलते करायचे तर वर्ग करावा लागतो.

x = √2 + √3 मानू. मग x² = 5 + 2√6. मुले इथेच लगेच पुन्हा वर्ग करतात, आणि √6 तसाच उरतो. आधी 5 पलीकडे न्यावा: x² − 5 = 2√6. आता वर्ग केला की

x⁴ − 10x² + 1 = 0.

पण ही सर्वांत लहान कशावरून? हा प्रश्न बरेचजण सोडून देतात, आणि खरे गणित तिथेच आहे. याहून लहान बहुपदी असेल तर ती हिचा अवयव असणार. परिमेय मूळ फक्त 1 किंवा −1 असू शकते. दोन्हींना किंमत −8 येते, म्हणून एक किंवा तीन कोटीचा अवयव नाही. उरला वर्गबहुपदीचा अवयव. बाकीची मुळे √2 − √3, −√2 + √3 आणि −√2 − √3. आपल्या मुळाची पहिल्याशी बेरीज 2√2, दुसऱ्याशी 2√3. तिसऱ्याशी शून्य येते खरे, पण गुणाकार −5 − 2√6. एकही जोडी जमत नाही. कोटी चारच.

√2 + √8 ला मात्र हीच रीत डोळे झाकून लावली तर x⁴ − 20x² + 36 मिळते. ती (x² − 18)(x² − 2) अशी फुटते, कारण √8 = 2√2, म्हणून बेरीज 3√2. उत्तर x² − 18. त्यामुळे दोन्ही संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग आहे का, हे आधी पाहावे; इथे 2 × 8 = 16.